श्रमाचा ध्वनी आणि श्रमिकाचे ऐकणे
ध्वनिप्रधान लघुचित्रफितींच्या निमित्ताने एक नैतिक विचार

१

वस्तू बांधण्याच्या किंवा घर स्वच्छ करण्याच्या क्रियेवर रचलेली लघुचित्रफीत हा गेल्या दशकभरात स्थिरावलेला दृक्श्राव्य प्रकार आहे. त्याची लक्षणे सहज ओळखता येतात. चौकटीत बहुधा दोन हात असतात, चेहरा नसतो. निवेदन नसते आणि पार्श्वसंगीत असलेच तर अगदी मंद असते. कागदाची चुरचुर, चिकटपट्टी सुटतानाची कर्कश रेघ, काचेवर फिरणाऱ्या ओल्या फडक्याचा चीत्कार, झाकण बसल्याचा 'टक्' हे आवाज अत्यंत जवळून ऐकू येतात आणि दृश्याचा प्रत्येक छेद या आवाजांच्या ठोक्यावर पडतो. पडद्यावर मजकूर जवळजवळ नसतोच. असलाच तर तो अनेकदा 'आवाज सुरू ठेवा' एवढाच असतो. म्हणजे या संहितेतील एकमेव वाक्य कामाविषयी नसून श्रवणाविषयी असते.

या प्रकाराची दखल समीक्षेने का घ्यावी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर असे की, श्रमाचे सौंदर्यीकरण हा साहित्यविचारातील जुना प्रश्न येथे विलक्षण शुद्ध स्वरूपात समोर येतो. कथा-कादंबरीत श्रमाचे चित्रण पात्र, भाषा, कथानक यांत गुंतलेले असते. त्यामुळे सौंदर्य नेमके कोठून येते आणि श्रमाला त्याची किंमत काय पडते, हे सुटे करून पाहणे अवघड जाते. या चित्रफितीत पात्र नाही, भाषा नाही, कथानकही नाही. उरतात ते श्रमाचे आवाज आणि त्यांचे सुख. म्हणून प्रश्न नेमका मांडता येतो: श्रमाच्या ध्वनीचे सुख घेताना श्रमाविषयी काही असत्य पत्करले जाते काय? आणि जात असेल तर ते असत्य कोठे वसते?

हा प्रश्न सामान्यतः 'आवाज खरा की नंतर बसवलेला' या अंगाने चर्चिला जातो. प्रस्तुत विवेचनाचा रोख असा आहे की, हे अंग तुलनेने गौण आहे. नैतिक वजन आहे ते वेगळ्या ठिकाणी, म्हणजे काम करणाऱ्याच्या स्वतःच्या श्रवणाचे काय होते, या ठिकाणी.

२

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रातिनिधिक नमुना रचून पाहावा. घरगुती व्यवसाय करणारी एक व्यक्ती चिनीमातीचा एक पेला खोक्यात बांधून ग्राहकाकडे पाठवते आहे. चित्रफीत 42 सेकंदांची आहे. टेबलावर वरून रोखलेला कॅमेरा. पहिल्या अर्ध्या सेकंदातच सपाट खोके उघडल्याचा 'थप्प' असा आवाज. मग तळाला चिकटपट्टी, जाळीदार तपकिरी कागदाचे वेष्टन, त्यावर पातळ कागद, गोल लेबल, खोक्यात कागदी कातरणांचा थर, त्यात पेला, वर आभारपत्र, झाकणाच्या चार पाकळ्या, पुन्हा चिकटपट्टी, पत्त्याची पट्टी आणि अखेरीस बंद खोक्यावर बोटांच्या नखांनी दोनदा 'टक् टक्'. चौदाएक क्रिया, प्रत्येकीला सुमारे तीन सेकंद.

प्रत्यक्ष काम याच क्रमाने चालते, पण त्यात आणखीही काही असते. पेला प्रथम टिचकी मारून ऐकला जातो. अखंड पेला नाद देतो. बारीक तडा गेलेला पेला बद्द वाजतो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते, हे चिनीमातीशी वा मातीच्या भांड्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ठाऊक असते. मग खोके निवडले जाते. ते मोठे निघाले तर बदलावे लागते. पट्टीचे हरवलेले टोक नखाने शोधावे लागते. खोके भरल्यावर, पण पट्टी लावण्यापूर्वी, ते दोन्ही हातांनी कानाशी धरून हलवले जाते. आत काही सरकल्याचा आवाज आला तर भरण कमी आहे. ते पुन्हा उघडून कागद ठासावा लागतो. आवाज आला नाही तरच ते बंद करण्यास योग्य. मग वजन, मग पत्त्याची पडताळणी. हे सर्व सहा-सात मिनिटांचे काम आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. प्रत्यक्ष कामातही ध्वनी आहे आणि तो कामाचा अविभाज्य भाग आहे. मात्र तेथे तो सुखासाठी नसून ज्ञानासाठी ऐकला जातो. टिचकीचा नाद हे एका प्रश्नाचे उत्तर असते. खोके हलवल्यावरची शांतता तर साऱ्या कामातील सर्वांत अर्थपूर्ण 'ध्वनी' असते, कारण काम नीट झाल्याची ती एकमेव खूण असते. आणि नेमकी हीच शांतता चित्रफितीला निरुपयोगी ठरते. तिच्यात ऐकण्यासारखे काहीच नसते.

श्रवणाच्या या दोन रीतींतील भेद फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर याने आणि त्याच्या मागोमाग मिशेल शियाँ याने स्पष्ट केला आहे. शियाँच्या 1990 मधील ग्रंथात श्रवणाचे तीन प्रकार येतात. आवाजावरून त्याचे कारण ओळखणारे कारणलक्ष्यी श्रवण, आवाजातून भाषिक वा सांकेतिक अर्थ घेणारे अर्थलक्ष्यी श्रवण, आणि कारण व अर्थ दोन्ही बाजूला सारून आवाजाचे पोत, वजन, कंप एवढेच ऐकणारे न्यूनीकृत श्रवण. शेफेरने 1948 मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रित आवाजांची जी रचना केली, तिच्यापासून तो याच तिसऱ्या श्रवणाकडे सरकत गेला. आज साध्या बांधणीच्या चित्रफितीत त्याचा आदर्श लोकप्रिय रूपात अवतरला आहे, असे म्हणता येईल. फरक एवढाच की, शेफेरला आवाजाचे कारण दृष्टीआड हवे होते. येथे ते डोळ्यांसमोर असते आणि तरीही ऐकले जात नाही.

३

चित्रफीत सिद्ध होताना प्रत्यक्ष ध्वनीवर तीन संस्कार होतात. त्यांना वर्धन, पर्याय आणि वर्जन अशी नावे देता येतील. तिन्हींचे नैतिक मूल्य सारखे नाही, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

वर्धन म्हणजे आहे तोच आवाज मोठा करणे. मायक्रोफोन वस्तूपासून वीतभर अंतरावर ठेवला जातो, पंखा आणि फ्रीज बंद केला जातो, मुद्रणानंतर मंद आवाज उचलून तीव्र आवाजांच्या जवळ आणले जातात. याचा परिणाम असा की, एरवी हातभर अंतरावरून ऐकू येणारी पातळ कागदाची चुरचुर कानाला लागून झाल्यासारखी भासते. या संस्काराला मर्यादा आहेत आणि त्या ओलांडल्या की खुणाही दिसतात. मंद आवाज फार उचलला की त्याच्यासोबत पार्श्वभूमीची सळसळही वर येते आणि दोन आवाजांच्या मधल्या जागेत ती श्वासासारखी चढते-उतरते. ही सळसळ यंत्राने पुसू पाहिली तर कागदाचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा धातुमय होतो. कारण चुरचुर आणि सळसळ या दोन्ही यंत्राच्या लेखी गोंगाटच असतात. मोबाइल फोनमधील ध्वनिसंस्करण माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेले असल्यामुळे घासण्या-पुसण्याचा सलग आवाज ते पुष्कळदा उपद्रव समजून दाबून टाकते.

वर्धनाला असत्य म्हणता येणार नाही. भिंगातून पाहिलेले पान खोटे नसते. किंबहुना वर्धनाने प्रेक्षकाला वस्तूच्या अंगी असलेले काहीतरी कळते. चिकटपट्टीचा आवाजच घ्यावा. पट्टी एकसारखी सुटत नाही. डिंक क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि या अतिजलद धर-सोडीची साखळी कानाला कर्कश रेघ म्हणून ऐकू येते. तो आवाज म्हणजे द्रव्याचा प्रतिकारच होय. ओल्या काचेवरील फडक्याचा चीत्कार, जाड कागद दुमडतानाचा कडाका, यांचीही घडण अशीच आहे. या प्रकारात सुखद म्हणून जे जे ऐकले जाते ते बहुतांशी कोठल्या ना कोठल्या वस्तूने हाताला केलेल्या विरोधातून उपजलेले असते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

४

दुसरा संस्कार पर्यायाचा. टेबलावरील क्रियेचा आवाज चांगला आला नाही, तर तीच क्रिया किंवा अन्य एखादी क्रिया मागाहून केवळ आवाजासाठी केली जाते आणि दृश्यावर बसवली जाते. चित्रपटसृष्टीला हे नवे नाही. युनिव्हर्सल या संस्थेत काम करणाऱ्या जॅक फोली याने बोलपटाच्या प्रारंभकाळी, 1929 च्या सुमारास, हे तंत्र रूढ केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. बर्फावरची पावले मक्याच्या पिठाची पिशवी दाबून निर्माण होतात, हाड मोडल्याचा आवाज सेलरीचे दांडे मोडून येतो.

पर्याय विश्वासार्ह का वाटतो याचे कारण श्रवण-दर्शनाच्या संयोगात आहे. एखादा आवाज आणि एखादे दृश्य एकाच क्षणी घडले की मन त्यांना एकाच घटनेची दोन अंगे मानते; या सक्तीच्या सांधेजोडीला शियाँने समकालिकता आणि संश्लेषण यांना जोडून एक संयुक्त नाव दिले आहे. सांधा किती काटेकोर असावा लागतो हेही मोजलेले आहे. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज दृश्याच्या सुमारे 45 सहस्रांश सेकंद आधी आला तर ते लक्षात येऊ लागते. मागे पडला तर मात्र सुमारे 125 सहस्रांशांपर्यंत खपून जातो. निसर्गात आवाज प्रकाशामागूनच येतो, याच्याशी ही विषमता सुसंगत आहे. सेकंदाला 30 चौकटींच्या चित्रफितीत एक चौकट सुमारे 33 सहस्रांशांची असते. म्हणजे संकलकाची चूक एका चौकटीपुरती असेल तर परका आवाजही त्या वस्तूचाच वाटतो.

पर्याय ओळखण्याच्या काही खुणा आहेत. रिकामे खोके आणि भरलेले खोके एकाच स्वरात वाजले, तर कान फसत नाही. दोन आवाजांमध्ये पूर्ण, निर्वात शांतता असेल, तर ते आवाज वेगवेगळ्या ठिकाणाहून आणून ओळीने मांडलेले असतात. कारण कोणत्याही खऱ्या खोलीला स्वतःची अस्फुट गुणगुण असते. जाणते संकलक म्हणूनच त्या खोलीची काही क्षणांची शांतताही मुद्रित करून सर्व आवाजांच्या तळाशी अखंड पसरतात.

पर्याय असत्य आहे काय? शब्दशः आहे. पण ही फसवणूक प्रकाराच्या संकेतात मोडते. रंगभूमीवरील पत्र्याचा गडगडाट हा मेघांचा नाही हे प्रेक्षक जाणतो आणि त्याला त्यात गैर वाटत नाही. रोलाँ बार्त याने 1968 मधील निबंधात दाखविल्याप्रमाणे वास्तववादी कथनातील निरर्थक तपशीलही वास्तव सांगत नाही, तो 'वास्तव ते हेच' असा परिणाम साधतो. बसवलेली चुरचुर हा अशाच परिणामाचा एक प्रकार आहे. विकत घेणाऱ्याला कागदाच्या गुणवत्तेविषयी फसवण्याचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा पर्यायाला दोष देणे म्हणजे कलेच्या सामान्य साधनालाच दोष देणे होईल.

५

खरा पेच तिसऱ्या संस्काराशी, वर्जनाशी, येतो. पेल्याच्या नमुन्यात सहा-सात मिनिटांतून 42 सेकंद उरले, याचा अर्थ काळाचा नऊ-दशांश भाग वगळला गेला. काटछाट हा प्रत्येक कलेचा धर्म आहे. तेव्हा केवळ वगळले म्हणून आक्षेप घेता येत नाही. प्रश्न हा की, वगळण्याचे तत्त्व कोणते? येथील तत्त्व ध्वनिसुखाचे आहे. ज्या क्षणाला सुखद आवाज आहे तो राहतो. ज्याला नाही तो जातो. आणि ज्या क्षणांना सुखद आवाज नसतो ते क्षण बहुधा निर्णयाचे, संशयाचे, चुकीचे आणि दुरुस्तीचे असतात. पट्टीचे टोक शोधणे, खोके बदलणे, कानाशी धरून शांततेची खात्री करणे, हे सारे जाते. टिचकीचा नाद सुरेल असल्यामुळे तो राहील कदाचित, पण प्रश्न गळून त्याचे अलंकारात रूपांतर होईल. टिचकी ऐकून पेला बाजूला ठेवला जाण्याची शक्यताच चित्रफितीत नसते.

या वर्जनाला असत्य म्हणून पकडता येत नाही, हीच त्याची अडचण आहे. चित्रफीत काहीही विधान करत नाही. 'हे काम 42 सेकंदांत होते' असे ती कोठेही म्हणत नाही. येथे संस्कृत साहित्यशास्त्राची एक जुनी वाट उपयोगी पडते. आनंदवर्धनाने ज्याला 'ध्वनी' म्हटले तो कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. वाच्यार्थापलीकडे सूचित होणारा अर्थ होय. या चित्रफितीत वाच्य असे जवळजवळ काहीच नाही, म्हणून असत्याचा आरोप वाच्याच्या पातळीवर टिकत नाही. पण व्यंग्य आहे आणि ते फार स्पष्ट आहे: वस्तू हाताच्या इच्छेप्रमाणे वागतात, कामाला संशय नसतो, मळ पहिल्याच फटक्यात निघतो. ज्या अर्थी हे सूचित आहे, विधान केलेले नाही, त्या अर्थी ते नाकारण्याची संधीही प्रेक्षकाला मिळत नाही. तो ते मत म्हणून न घेता सुख म्हणून घेतो.

मघाशी नोंदलेला विरोधाभास येथे पूर्ण होतो. हे आवाज द्रव्याच्या प्रतिकारातून जन्मतात. पण त्यांची मांडणी अशी असते की कामातून प्रतिकार नाहीसा झाल्यासारखा वाटावा. प्रतिकाराचा नाद ठेवायचा आणि त्याने हातावर टाकलेला भार काढून घ्यायचा, हे या प्रकाराचे मर्म आहे. बार्तने 1957 च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये साबणचुऱ्याच्या जाहिरातींतील फेसाविषयी जवळपास हेच निरीक्षण केले होते. फेसाची विपुलता आणि हलकेपणा डोळ्यांत भरतो आणि त्याच्याआड द्रव्याचे मळ खरवडून काढणारे, दाहक कार्य झाकले जाते. तेथे जे फेसाने साधले ते येथे आवाजाने साधते.

स्वच्छतेच्या चित्रफितींत वर्जनाला आणखी एक परिमाण मिळते. हॅना आरेन्टने 1958 मधील ग्रंथात श्रम आणि निर्मिती यांत भेद केला. निर्मितीला शेवट असतो, मागे वस्तू उरते. श्रमाला शेवट नसतो, कारण तो जीवनाच्या चक्राशी बांधलेला असतो आणि त्याचे फळ लगेच संपून जाते. घर झाडणे हे अशा श्रमाचे नमुनेदार उदाहरण. चित्रफीत या शेवट नसलेल्या कामाला शेवट देते: आधी मळ, मग लखलखाट, मग समाप्ती. श्रमाला निर्मितीचा आकार मिळतो आणि प्रेक्षकाला मिळणारे समाधान मुख्यतः या आकाराचे असते. गंमत अशी की, चित्रफीत संपताच आपोआप पुन्हा सुरू होते आणि अनेकदा तिची अखेर प्रारंभाशी बेमालूम जुळवलेली असते. श्रमाचे चक्र असे परत येते खरे, पण थकवा न आणता. ज्या चक्राने करणारा दमतो त्याच चक्राने पाहणारा विसावतो.

भारतीय, विशेषतः मराठी वाचकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. या प्रकारात जो मळ येतो तो निवडलेला असतो: गालिच्यातील धूळ, शेगडीवरचे डाग, काचेवरील ठसे. तो स्वतःच्या घरातला असतो आणि त्याला हात लावल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ज्या समाजात सफाई ही शतकानुशतके जातीने ठरवलेली सक्ती होती, जेथे हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये कायदा करावा लागला, तेथे 'स्वच्छतेचा सुखद आवाज' हा शब्दप्रयोग सर्वांना सारखा ऐकू येणे शक्य नाही. भल्या पहाटे रस्त्यावर फिरणाऱ्या खराट्याचा आवाज काहींना दिवस उजाडल्याची खूण वाटतो. खराटा ज्याच्या हातात आहे त्याला तो तसा वाटेलच असे नाही. चित्रफितीतील मळ निरुपद्रवी असण्याची अट हीच तिच्या सुखाची सामाजिक अट आहे.

६

यावर सौंदर्यवादी भूमिकेतून एक गंभीर आक्षेप संभवतो. चित्रफीत ही श्रमाचा अहवाल नाही. ती संवेदनांची रचना आहे. तिला श्रमाच्या सत्याचा निकष लावणे म्हणजे चुकीच्या मापाने मोजणे. मराठीत या भूमिकेची सर्वांत काटेकोर मांडणी बा. सी. मर्ढेकरांनी केली. त्यांच्या मते सौंदर्य संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते आणि हे संबंध संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेले असतात. पेल्याच्या चित्रफितीला हे तत्त्व नेमके लागू पडते. पातळ कागदाच्या दोन चुरचुरींत संवाद, मृदू कागदानंतरच्या कर्कश पट्टीत विरोध, आणि प्रारंभीच्या 'थप्प'ला अखेरच्या 'टक् टक्'ने मिळणारा समतोल. नभोवाणीत प्रत्यक्ष काम केलेल्या या समीक्षकाला केवळ कानाने उभारलेली रचना परकी वाटली नसती.

आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) दाखविले की, सौंदर्यविषयक व्यवहार अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये फिरतो. कोणताही एक ध्रुव त्याचे पूर्ण स्पष्टीकरण देऊ शकत नाही. प्रस्तुत प्रकार याचा चांगला पुरावा आहे. शुद्ध ध्वनिरचना म्हणूनच तो पुरेसा असता, तर दृश्याची गरज नव्हती. केवळ आवाजांची माळ ऐकवून भागले असते. पण 'काहीतरी नीट लागले, निघाले, पूर्ण झाले' हे दिसावे लागते. म्हणजे सुखाचा एक घटक लौकिकच आहे. तो कामाच्या सिद्धीतून येतो. जी रचना कामाच्या सिद्धीकडून सुख उसने घेते, तिला कामाविषयी प्रश्न विचारता येणार नाही असे म्हणणे सुसंगत ठरत नाही.

मानसशास्त्रीय अभ्यासांतूनही हा घटक डोकावतो. 2010 मध्ये 'एएसएमआर' हे नाव मिळालेल्या शिरशिरीच्या अनुभवावर बॅरट आणि डेव्हिस यांनी 2015 मध्ये 475 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कुजबुज, व्यक्तिगत लक्ष, कुरकुरीत आवाज आणि संथ हालचाली ही प्रमुख कारणे आढळली. म्हणजे आवाजाच्या पोताइतकेच 'कोणीतरी माझ्यासाठी सावकाश, काळजीपूर्वक काही करत आहे' ही जाणीवही सुखाला कारण होते. काळजी ही लौकिक, किंबहुना नैतिक कोटी आहे. आणि काळजी म्हणजे तरी काय? खोके कानाशी धरून हलवणे. प्रेक्षकाला काळजीचा आभास हवा असतो. वगळली जाते ती मात्र काळजीची प्रत्यक्ष कृती.

७

या वर्जनाचे परिणाम प्रेक्षकाच्या मनापुरते राहत नाहीत. ते कामावर उलटतात. चित्रफितीसाठी काम करणारा हात हळूहळू आवाजासाठी वस्तू निवडू लागतो. जो कागद अधिक चुरचुरतो तो घेतला जातो, एक थर पुरेसा असता तेथे तीन येतात. फ्रीज भरण्याच्या चित्रफितींत दुकानातील वेष्टन काढून पदार्थ पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डब्यांत पुन्हा रचले जातात. त्या डब्यांचा कोरा 'टक्' हे त्याचे एक कारण असते. पट्टी नीट लागली तरी आवाज नीट आला नाही म्हणून खोके पुन्हा उघडून पुन्हा बंद केले जाते. येथे साधन-साध्याचा क्रम उलटतो: आवाज कामाची खूण होती, आता काम आवाजाचे निमित्त होते. घरातून व्यवसाय करणाऱ्याला या चित्रफितीमुळे ग्राहक मिळत असतील, तर ही उलटापालट त्याने राजीखुशीने केली असे म्हणणेही तितकेसे सोपे नाही.

श्रम आणि ध्वनी यांचा वेगळा संबंध असू शकतो, याचे मराठीतील उदाहरण जात्यावरच्या ओवीचे आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने 1980 च्या दशकापासून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. तेथेही श्रमाचा एक अखंड ध्वनी आहे, जात्याची घरघर. पण ओवी त्या घरघरीवर आपला काळ लादत नाही. ती जात्याच्या काळात राहते. दळण जितके लांबेल तितकी ती लांबते. आणि तिच्यात दळणारीचा स्वतःचा आवाज असतो. ती सासर, माहेर, भाऊ, देव, दुःख यांविषयी बोलते. येथे गैरसमज नको. ओवी सुंदर म्हणून जाते सुखाचे होते असे नव्हे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते सोडले आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. मुद्दा एवढाच की, ओवीत श्रमाचा ध्वनी आणि श्रमिकेचा स्वर एकमेकांपासून तोडलेले नाहीत. लघुचित्रफितीत पहिला कमालीचा वाढवलेला आहे आणि दुसरा शून्यावर आणलेला आहे.

यावरून असा निष्कर्ष काढता येणार नाही की, हा प्रकार त्याज्य आहे किंवा त्याचे सुख लज्जास्पद आहे. वर्धन निर्दोष आहे. पर्याय संकेताच्या मर्यादेत क्षम्य आहे. वर्जनही टाळता येणार नाही, कारण सात मिनिटे जशीच्या तशी दाखवणे म्हणजे सत्य दाखवणे असे मानणेही भाबडेपणाचे आहे. निकष मर्यादित आणि व्यवहार्य असू शकतो: वगळताना काम करणाऱ्याचे श्रवण उरले आहे काय? टिचकी मारल्यावर हात क्षणभर थांबतो काय? व्हॅक्यूमच्या नळीतील खड्यांची कडकड थांबेपर्यंत हात पुढे सरकत नाही, हे दिसते काय? ती कडकड प्रेक्षकाला मौज वाटते; सफाई करणाऱ्याला ती अजून धूळ शिल्लक असल्याचे सांगत असते. दोन्ही श्रवणे एकाच चौकटीत राहू शकतात आणि त्यासाठी लागणारी जागा दोन-तीन सेकंदांहून अधिक नाही.

त्या दोन-तीन सेकंदांची अडचण तांत्रिक नाही. त्यांत काही वाजत नाही आणि या प्रकाराने न वाजणाऱ्या क्षणाला रिकामा क्षण मानण्याची सवय लावली आहे. बंद होण्यापूर्वी कानाशी धरलेल्या खोक्याची शांतता मात्र रिकामी नसते. ती ऐकणारा कोणीतरी असतो, आणि पेला अभंग पोहोचतो तो बव्हंशी त्या ऐकण्यामुळे.